माला-एनची गोळी उशिरा घेतली, चुकली किंवा विसरली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात परिचारिका आहे. गोळी चुकल्याचे मेसेज मला बहुतेक रात्री दहानंतर येतात. घरातली सगळी झोपल्यावर पाकीट हातात घेतलं की चुकलेली गोळी दिसते, मग घाबरून फोन. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते. ही उत्तरं माला-एन, माला-डी आणि तशाच दोन हार्मोनच्या रोजच्या गोळ्यांसाठी आहेत. छाया आणि एकाच हार्मोनची गोळी यांचे नियम वेगळे आहेत, ते प्रश्न १३ आणि १४ मध्ये आहेत.

१. पाकिटात पांढऱ्या आणि तपकिरी गोळ्या का असतात? सगळ्याच रोज घ्यायच्या का?

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ पांढऱ्या, त्यांत हार्मोन असतं. शेवटच्या ७ तपकिरी, त्यांत फक्त लोह असतं. दिवस जाऊ न देण्याचं काम पांढरीच करते. तपकिरी गोळ्यांमुळे रोज गोळी घ्यायची सवय मोडत नाही आणि अंगात थोडं लोह जातं. त्या आठवड्यातच पाळी येते. तपकिरी संपल्या की दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी घ्यायची. पाळी चालू असली तरी थांबायचं नाही.

काही कंपन्यांच्या पाकिटात २१च गोळ्या असतात. ते पाकीट संपल्यावर सात दिवस काहीच घ्यायचं नसतं, आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू करायचं. पुढे मी ‘तपकिरी आठवडा’ म्हणेन तिथे त्यांनी हे सात मोकळे दिवस धरावेत.

२. एक गोळी चुकली तर लगेच दिवस जातात का?

नाही. त्याचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतील.

पांढरी गोळी बीजकोषाला झोपवून ठेवते, म्हणून बीज बाहेर पडत नाही. सलग सात पांढऱ्या पोटात गेल्या की ही झोप पक्की होते. मग सात दिवस हार्मोन मिळालं नाही तरी चालतं, तपकिरी आठवडा त्या हिशेबानेच ठेवलेला आहे. पण त्या सात दिवसांत बीजकोष कूस बदलू लागतो, बीज वाढायला लागतं. आठव्या दिवशी पांढरी गोळी मिळाली की ते पुन्हा दबतं. ती मिळाली नाही आणि नववा, दहावा दिवस उजाडला, तर बीज बाहेर पडू शकतं.

म्हणून ‘किती गोळ्या चुकल्या’ एवढंच मोजून भागत नाही. हार्मोनशिवाय सलग किती दिवस गेले, ते मोजायचं. पाकिटाच्या मधल्या चुकीला मागच्या सात गोळ्यांचा आधार असतो. तपकिरी आठवड्याला लागून झालेली चूक, मग ती आधीची असो वा नंतरची, मोकळे दिवस वाढवते. खरी भीती तिथे आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायका मात्र उलट समजतात. मधली एक चुकली की रडकुंडीला येतात, आणि नवं पाकीट चार दिवस उशिरा सुरू केलं तर त्याचा उल्लेखही करत नाहीत.

३. रोज रात्री ९ ला घेते. काल विसरले, आज सकाळी आठवलं. आता?

आत्ता घ्या. आज रात्रीची रात्री ९ लाच घ्या. २४ तासांच्या आत आठवलं तर ती गोळी चुकली असं आम्ही म्हणत नाही, उशीर झाला एवढंच. निरोध लागत नाही, दुसरं काही करावं लागत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी असली की वेळ पुढेमागे होते, त्यालाही हेच उत्तर.

४. कालची पूर्ण राहिली, आजच्या गोळीच्या वेळीच कळलं. दोन एकदम घेऊ का?

हो, घ्या. ही एक चुकलेली गोळी, म्हणजे २४ तास उलटले पण ४८ झाले नाहीत. आठवताक्षणी ती घ्यायची आणि आजची आजच्या वेळेला. दोन्हींची वेळ एकच आली तर दोन्ही एकदम चालतात. थोडी मळमळ होऊ शकते, म्हणून जेवणानंतर घ्या. बाकीच्या गोळ्या नीट घेतल्या असतील तर निरोधची गरज नाही.

५. दोन किंवा जास्त गोळ्या सलग चुकल्या. सगळ्या एकदम घेऊन टाकू का?

नको. चुकलेल्यांपैकी फक्त शेवटची एक लगेच घ्या, आजची आजच्या वेळेला घ्या आणि पुढे रोजच्यासारखं चालू ठेवा. आधीच्या चुकलेल्या पाकिटात तशाच राहू द्या. चार-पाच एकदम गिळल्याने मागचे दिवस भरून निघत नाहीत, उलट्या मात्र होतात.

उदाहरण देते. सोमवार आणि मंगळवारची रात्रीची गोळी राहिली, बुधवारी रात्री ९ ला लक्षात आलं. तेव्हा मंगळवारची आणि बुधवारची घ्यायची, सोमवारची सोडून द्यायची.

त्यासोबत, सलग सात पांढऱ्या गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचे. बीजकोषाला पुन्हा पक्कं झोपवायला सातच लागतात. या सात दिवसांत आणखी चूक झाली तर मोजणी पहिल्यापासून.

काही पत्रकांत हा नियम दोनऐवजी तीन गोळ्यांपासून लावलेला दिसेल. मी दोनचाच धरते. सात दिवस निरोध वापरल्याने कुणाचं नुकसान होत नाही.

यापुढे आणखी काय करायचं, ते गोळ्या कोणत्या आठवड्यातल्या होत्या त्यावर ठरतं. पहिल्या आठवड्यासाठी प्रश्न ६, तिसऱ्यासाठी प्रश्न ७. दुसऱ्या आठवड्यातल्या दोन-तीन चुकल्या आणि त्याआधीच्या सात नीट घेतल्या असतील, तर वर सांगितलं तेवढंच पुरे. सातपेक्षा जास्त सलग चुकल्या असतील तर ते पाकीट ओढत बसू नका. उपकेंद्रात या, दिवस गेलेले नाहीत ना हे बघून नव्याने सुरुवात करू.

६. माहेरी गेले होते, नवं पाकीट तीन दिवस उशिरा सुरू केलं. मधे संबंध आला. काय करू?

सगळ्यांत जास्त काळजी घ्यायची ती हीच वेळ. नुकत्याच आलेल्या अशा एका प्रकरणाचा हिशेब, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून, मांडते.

तासगावकडची बाई, द्राक्षाच्या हंगामात मजुरीला जाणारी. तपकिरी गोळ्या रविवारी संपल्या. सोमवारी नवं पाकीट सुरू व्हायला हवं होतं, पण ते घरी राहिलं आणि ती जतला माहेरी. मंगळवारी रात्री परत आली, त्याच रात्री संबंध आला. पाकीट सापडलं गुरुवारी सकाळी.

आता मोजा. तपकिरीचे सात दिवस, त्यावर सोमवार, मंगळवार, बुधवार. हार्मोनशिवाय दहा दिवस झाले. तिला वाटत होतं, ‘तीनच तर चुकल्या.’

तिने गुरुवारी सकाळीच पहिली पांढरी घेतली. मंगळवार रात्रीपासून ३४-३५ तास झाले होते, म्हणून त्याच दिवशी इमर्जन्सी गोळीही घेतली. ही लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी असते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितकी चांगली. ती आशाताईंकडे, उपकेंद्रात किंवा मेडिकलमध्ये मिळते. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते.

इमर्जन्सी गोळी घेतली म्हणून रोजची बंद करायची नाही. बऱ्याच जणी इथेच चुकतात, ‘आता पाळी आल्यावर सुरू करू’ म्हणतात आणि मधे दिवस जातात. त्या गोळीचं संरक्षण पुढच्या संबंधाला लागू नसतं. आमच्या बाईने रोजची चालू ठेवली. गुरुवार ते पुढचा बुधवार अशा सात पांढऱ्या झाल्या, तोवर निरोध वापरला. त्याच्या पुढच्या गुरुवारपासून निरोधची गरज उरली नाही.

मंगळवारच्या संबंधाला तीन आठवडे झाले तेव्हा लघवीची तपासणी केली. त्याआधी केली तर दिवस गेलेले असूनही कळत नाही. तपासणीत काही निघालं नाही आणि दोन-तीन दिवसांनी तपकिरी आठवड्यात पाळीही आली.

हीच बाई शनिवारी आली असती तर ७२ तास उलटून गेले असते. तेव्हा तांबीचा मार्ग उरतो. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती इमर्जन्सी गोळीपेक्षा जास्त खात्रीने काम करते, आणि पुढे काही वर्षं रोजच्या गोळीची आठवण ठेवावी लागत नाही. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला पाच दिवस संपायच्या आत पोचायला हवं. सोमवारची ओपीडी बघू म्हणून थांबू नका.

एक गोष्ट आणखी. पहिल्या आठवड्यात गोळ्या चुकल्या असतील तर आधीच्या पाच दिवसांतला संबंधही मोजायचा, कारण पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं.

७. शेवटच्या आठवड्यातल्या दोन पांढऱ्या चुकल्या. आता तपकिरी घ्यायच्याच आहेत, मग काय बिघडलं?

तपकिरी घेतल्या तर बिघडेल. समजा १९वी आणि २०वी चुकली, मग एक पांढरी घेऊन तपकिरी सुरू केल्या. मधली ती एक गोळी फार आधार देत नाही, आणि मोकळे दिवस दहाच्या घरात जातात.

सोपा उपाय आहे, तपकिरी गोळ्या सोडून द्यायच्या. पाकिटातल्या उरलेल्या पांढऱ्या संपवायच्या आणि दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट पांढरीपासून सुरू करायचं. सात पांढऱ्या सलग होईपर्यंत निरोध. चुकण्याआधीच्या सात गोळ्या नीट घेतल्या असतील तर इमर्जन्सी गोळी लागत नाही.

या महिन्यात पाळी येणार नाही, कदाचित नुसते डाग पडतील. पोटात रक्त साठून राहत नाही. आतलं अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं. सासूबाई विचारतील ही धास्ती असते, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. हातात दुसरं पाकीट नसेल तर आशाताईंना त्याच दिवशी फोन करा. माझं म्हणणं, घरात एक पाकीट नेहमी जास्तीचं असावं.

८. तपकिरी गोळ्या चुकल्या तर?

काही नाही. चुकलेल्या टाकून द्या. फक्त नवं पाकीट ठरल्या दिवशी सुरू करा. चुकलेल्या तपकिरी नंतर घेत बसून ते पुढे ढकललंत तर प्रश्न ६ तुमचाच होईल.

९. गोळ्या चुकल्यावर मधेच रक्त जायला लागलं. पाळी आली समजून गोळ्या बंद करू का?

बंद करू नका. हार्मोन अचानक कमी झालं की अस्तर थोडं सुटतं आणि डाग पडतात. गोळ्या नियमाने सुरू झाल्या की बहुधा काही दिवसांत थांबतं. त्या रक्तावरून दिवस गेले नाहीत असंही ठरवू नका. पाळी समजून पाकीट टाकून देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांची एक-दोन गोळ्यांची चूक आठ-दहा दिवसांची होते. रक्त फार जात असेल किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

१०. गोळी घेतली आणि उलटी झाली. जुलाबही चालू आहेत. हे चुकल्यासारखंच का?

गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेली नाही असं धरून दुसरी पांढरी घ्या. जास्तीच्या पाकिटातली घेतलीत तर चालू पाकिटाचे वार बिघडत नाहीत. तीन तासांनंतरच्या उलटीला काही करायला नको.

एक-दोनदा पातळ झाल्याने गोळी वाया जात नाही. उलट्या किंवा जोराचे जुलाब एक दिवसाहून जास्त चालले तर गोळी चालू ठेवा, पण तेवढे दिवस चुकलेल्या गोळ्यांसारखे मोजा. दोन दिवस किंवा जास्त झाले तर प्रश्न ५ प्रमाणे करा. उपवासाला रिकाम्या पोटी गोळी घेतली तरी तिचं काम कमी होत नाही. मळमळ होत असेल तर रात्री फराळानंतर घ्या.

११. टीबीची औषधं सुरू झाली. गोळी एकदाही चुकवत नाही, तरी सिस्टर म्हणाल्या निरोध वापर. का?

त्या बरोबर सांगतात. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला हार्मोन भराभर संपवायला लावतं. गोळी वेळेवर घेतली तरी रक्तात पुरेसं हार्मोन टिकत नाही, म्हणजे रोजच चुकल्यासारखं. रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत आणि थांबल्यावर पुढचे चार आठवडे या गोळीवर विसंबू नका. अशा वेळी तांबी चांगली, तिच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही. फिटच्या काही गोळ्याही असंच करतात, उदाहरणार्थ फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन. टीबीची किंवा फिटची औषधं मात्र स्वतःहून कधीही बंद करू नका. सर्दी-तापाला किंवा लघवीच्या जळजळीला देतात त्या नेहमीच्या अँटिबायोटिकने गोळीचं काही बिघडत नाही, त्यात उलट्या-जुलाब झाले तर प्रश्न १० पाहा.

१२. वारीत पाळी नको म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणली. तेवढे दिवस माला-एन बंद ठेवली तर चालेल का?

चालणार नाही. मेडिकलवाले देतात ती बहुतेक नॉरएथिस्टेरॉन असते. तिने पाळी लांबते, पण तिला गर्भनिरोधक समजू नका. लोणंद-फलटणच्या मुक्कामांच्या आधी दरवर्षी हा प्रश्न येतो. माला-एन घेणारीला दुसरी गोळी लागतच नाही. २१ पांढऱ्या संपल्या की तपकिरी सोडून पुढच्या पाकिटाच्या पांढऱ्या सुरू करायच्या, पाळी लांबते आणि संरक्षणही टिकतं. काहींना मधे थोडे डाग पडतात. माला-एन आधीच बंद करून बसला असाल, तर बंद ठेवलेले दिवस मोजा आणि प्रश्न ५ व ६ प्रमाणे चला.

१३. मी छाया घेते. तिचाही हाच हिशेब का?

नाही. छायात हार्मोन नसतं आणि ती रोजची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. चुकली तर आठवताक्षणी घ्या. सात दिवसांपेक्षा कमी उशीर असेल तर ठरलेले वार चालू ठेवा आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त झाले तर नव्याने सुरुवात, म्हणजे पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा.

१४. बाळ अंगावर पितं म्हणून डॉक्टरांनी एकाच हार्मोनची गोळी दिली आहे. ती किती उशिरा चालते?

डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची असेल तर १२ तासांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर लगेच एक घ्या, पुढची ठरल्या वेळेला घ्या आणि सात दिवस निरोध वापरा. हिच्या पाकिटात बिनकामाच्या गोळ्या नसतात, मोकळा आठवडाही नसतो. पाकिटावर वेगळं औषध लिहिलं असेल तर फोटो काढून सिस्टरांना किंवा डॉक्टरांना दाखवा, कारण काहींना तीनच तासांची मुभा असते.

१५. नवरा निरोध वापरायला तयार नाही. सात दिवस काय करू?

हा प्रश्न बायका सगळ्यांत शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. मी त्यांना घरी सांगायला वार मोजून देते. ‘निरोध वापरा’ असं मोघम सांगण्यापेक्षा ‘पुढच्या बुधवारपर्यंतच’ असं सांगितलं की काही नवरे ऐकतात. तरीही बिननिरोधाचा संबंध आलाच, तर त्यात तुमची चूक नाही. चुकलेल्या गोळ्या पहिल्या आठवड्यातल्या असतील, किंवा त्याआधीच्या सात नीट झाल्या नसतील, तर ७२ तासांच्या आत इमर्जन्सी गोळी घ्या.

घरी पाकीट लपवून ठेवावं लागतं म्हणून गोळ्या चुकत असतील, तर गजर लावून हा प्रश्न सुटणार नाही. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन किंवा तांबी यांचा विचार करा. दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि घरात कुठे काही ठेवावं लागत नाही.

१६. गोळ्या चुकल्या होत्या, तपकिरी आठवड्यात पाळी आली नाही. पुढचं पाकीट सुरू करू की थांबू?

ठरल्या दिवशी सुरू करा आणि तपासणी करून घ्या. आशाताईंकडे निश्चय किट असतं. शेवटच्या धोक्याच्या संबंधानंतर २१ दिवस झाले असतील तर उत्तर खात्रीचं. तपासणी होईपर्यंत घेतलेल्या गोळ्यांनी बाळाला इजा होते असं आढळलेलं नाही, त्यामुळे ‘आत बाळ असलं तर’ या भीतीने थांबू नका. दिवस गेलेले निघाले तर मग गोळ्या बंद.

मूल ठेवायचं असेल तर लगेच नाव नोंदवा. ठेवायचं नसेल तर २०२१ मध्ये सुधारलेल्या कायद्याप्रमाणे, गर्भनिरोधक अपयशी ठरल्याच्या कारणावरून २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी पाडायचा प्रयत्न करू नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जिवावर बेततं. पाळी चुकून आठवडा झाला असेल तर उद्याच या.